शीर्षकाचा कौल आणि तीनशे माणसं

एकाच व्याख्यानाला दोन शीर्षकं सुचली, तर आपसांत वाद घालण्यापेक्षा श्रोत्यांनाच कौल मागावा आणि ज्याला जास्त लोक हात वर करतील ते ठेवावं, असं माझं ठाम मत होतं. आता तसं राहिलेलं नाही. कौल मागणं मी सोडलेलं नाही. पण तो कशावर मागायचा, किती वेळा मागायचा आणि मिळालेल्या कौलावर कधी विश्वास ठेवायचा, या तिन्ही बाबतींत मी आधीच्यापेक्षा वेगळ्या ठिकाणी उभी आहे. तो बदल का झाला, हे इथे सविस्तर मांडते.

सावेडीत आम्ही काही जण नगरच्या इतिहासावर छोटी ध्वनिमुद्रित व्याख्यानं तयार करतो. भुईकोट किल्ला, फराहबाग, निजामशाहीत खापरी नळांनी शहरात आणलेलं पाणी, असे विषय. ऐकणारे लोक व्हॉट्सअ‍ॅपवर आहेत. तिथल्या एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ माणसं मावतात आणि ज्यांनी आपला नंबर जतन केलाय त्यांनाच निरोप पोचतो. त्यामुळे श्रोतृवर्ग मोजका. हिशोब सोपा जावा म्हणून तो तीनशेचा धरू.

आमची रीत अशी. तीनशेंचे दीडशे-दीडशे असे दोन भाग करायचे. व्याख्यान एकच, पण एका यादीला एक शीर्षक आणि दुसऱ्या यादीला दुसरं. निरोपात दुवा द्यायचा नाही; "ऐकायचं असेल तर ‘हो’ लिहा, मग पाठवतो" एवढंच लिहायचं. यात एक मोठी सोय आहे. दुवा आधीच दिला, तर कुणीतरी तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो आणि आकडा एकदम फुगतो. ती वाढ शीर्षकामुळे झालेली नसते, त्या एका माणसामुळे झालेली असते. ‘हो’ मात्र प्रत्येकाकडून वेगळा येतो आणि एका माणसाचा एकच मोजता येतो.

आता उदाहरण घेऊ. शहराच्या पूर्वेला डोंगरावर तीन मजली अष्टकोनी इमारत आहे. सगळं नगर तिला चांदबीबी महाल म्हणतं. प्रत्यक्षात ती कबर आहे, मुर्तझा निजामशहाचा वजीर दुसरा सलाबतखान याची. व्याख्यानाला ‘सलाबतखानाची कबर’ म्हणावं की ‘चांदबीबी महाल’? पहिलं नाव खरं, दुसरं ओळखीचं. अशा ठिकाणी चाचणी घ्यावी असं कुणालाही वाटेल. समजा, ती घेतली आणि ‘सलाबतखाना’ला ३० ‘हो’ आले, ‘चांदबीबी’ला ४२. तीस आणि बेचाळीस, म्हणजे जवळजवळ दीडपट. पूर्वी अशा निकालावर मी तिथल्या तिथे शीर्षक पक्कं केलं असतं आणि पुढच्या प्रत्येक वादात तो दाखला म्हणून वापरलाही असता.

माझं मत हलवलं ते शेजारच्या काकांनी. त्यांचं सगळं आयुष्य राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात वाणांच्या चाचण्या घेण्यात गेलं. असे आकडे ऐकल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "दोन्ही याद्यांना एकच शीर्षक पाठवलं असतंस, तर किती फरक आला असता?"

"शून्य," मी म्हटलं.

"शून्य कसा येईल? करून बघ."

मग त्यांनी सुचवलेला खेळ कुणालाही घरी करता येतो. तीनशे चिठ्ठ्या घ्यायच्या. त्यांतल्या ७२ वर शाईचा ठिपका द्यायचा, कारण एकूण ‘हो’ ३० अधिक ४२ म्हणजे ७२ आले. हे बहात्तर जण कोणतंही शीर्षक असलं तरी ‘हो’ म्हणणारच होते, असं तात्पुरतं धरायचं. आता चिठ्ठ्या चांगल्या ढवळून दीडशे-दीडशेचे दोन ढीग करायचे आणि प्रत्येक ढिगातले ठिपके मोजायचे. नोंद करायची, पुन्हा ढवळायचं, पुन्हा वाटायचं. दर वेळी ३६ आणि ३६ पडत नाहीत. कधी ३३ आणि ३९ पडतात, कधी ४१ आणि ३१. पुष्कळ वेळा वाटणी केली की चित्र स्पष्ट होतं. चार-सहाचा फरक तर रोजचा. दहा किंवा त्याहून जास्त फरक चार-पाच वाटण्यांतून एकदा पडतो. आणि बारा किंवा त्याहून जास्त, म्हणजे उदाहरणातल्या निकालाएवढा, साधारण सात वाटण्यांतून एकदा.

सातांतून एकदा ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. शीर्षकाने काहीही केलं नसतं तरी नुसत्या वाटणीने सातांतून एकदा एवढा फरक दाखवला असता. म्हणजे ३० विरुद्ध ४२ या आकड्यांतून ‘चांदबीबी’ जिंकली असं सिद्ध होत नाही, आणि हरली असंही नाही. त्यातून एवढंच कळतं की या एका चाचणीत उत्तर मिळालेलं नाही.

काकांच्या क्षेत्रात ही गोष्ट फार आधी कळली होती, कारण शेत ती लपवू देत नाही. एकाच शेतात एकच वाण, एकच खत, एकच पाणी देऊन सगळं पीक लहान लहान तुकड्यांत वेगवेगळं कापायचं आणि तोलायचं, अशी चाचणी शेतीसंशोधनात घेतात. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड केंद्रात १९१० च्या हंगामात एक एकर गहू असाच पाचशे तुकड्यांत कापला गेला. सगळीकडे तोच गहू असूनही एखाद्या तुकड्यात पावणेतीन पौंड धान्य निघालं, तर एखाद्यात पाच पौंडांच्या वर. एवढा फरक जमिनीतच दडलेला होता. अशा शेतात दोन वाण एकेका तुकड्यात पेरून एकाला चांगलं ठरवणं म्हणजे जमिनीच्या गुणाचं श्रेय बियाण्याला देणं. पुढे १९१९ मध्ये रोनाल्ड फिशर त्या केंद्रात आले आणि त्यांनी तुकड्यांची वाटणी चिठ्ठ्या टाकून करण्याचा आणि प्रत्येक वाण अनेक तुकड्यांत पेरण्याचा शिरस्ता घालून दिला. शीर्षकांच्या चाचणीत शेताची जागा माणसं घेतात. कुणाचा फोन दिवसभर बंद असतो, कुणाच्या घरी लग्न असतं, कुणी चांदबीबीच्या नावानेही हलत नाही आणि कुणी सगळंच ऐकतं.

म्हणून नव्या श्रोतृवर्गावर मी आता पहिली चाचणी घेते ती एकाच शीर्षकाची. दोन्ही याद्यांना शब्दन् शब्द तोच निरोप पाठवायचा आणि किती फरक येतो ते पाहायचं. तो फरक म्हणजे आपल्या शेताची जमीन. त्यात पंधरा-वीसचा फरक आला, तर शीर्षकाकडे वळण्याआधी वाटणी कशी केली ते तपासावं लागतं. बहुतेक वेळा गोम तिथेच सापडते. नावांच्या अक्षरक्रमाने याद्या केल्या की एका आडनावाचे सगळे नातलग एका बाजूला जातात. जुने सभासद एकीकडे आणि नवे दुसरीकडे टाकले, तर जुन्यांचा जिव्हाळा शीर्षकाच्या खात्यात जमा होतो. सावेडी एका यादीत आणि जुनं शहर दुसरीत, ही वाटणी तर सगळ्यांत फसवी, कारण विषयच शहराचा आहे. वाटणी चिठ्ठीनेच करावी आणि चिठ्ठी माणसामागे एक न टाकता घरामागे एक टाकावी. नवरा-बायकोला वेगवेगळी शीर्षकं गेली, तर जेवताना दोन्ही शीर्षकं एका ताटात येतात.

फरक खरा की योगायोगाचा, हे दर वेळी चिठ्ठ्या ढवळून ठरवायची गरज नाही. दोन याद्या सारख्या आकाराच्या असतील, तर एक सोपा हिशोब पुरतो. दोन्हींकडचे ‘हो’ मिळवायचे, त्या बेरजेचं वर्गमूळ काढायचं आणि त्याची दुप्पट करायची. दोन आकड्यांतला फरक त्याहून जास्त असेल, तर तो योगायोगाने पडण्याची शक्यता वीसांतून एकाहून कमी. आपल्या उदाहरणात बेरीज ७२, तिचं वर्गमूळ साडेआठ, दुप्पट सतरा. फरक बाराचा, म्हणजे सतराच्या आत. ‘हो’ म्हणणारे यादीच्या मोठ्या हिश्शाएवढे असतील तेव्हा ही कसोटी थोडी कडक पडते. आपल्या आकड्यांना काटेकोर हिशोबाने पंधरा-सोळाचा फरकही चालला असता. पण लहान यादीवर थोडी कडक कसोटी बरी, असं माझं मत झालंय.

या कसोटीला एक अट आहे आणि तीच सर्वांत जास्त मोडली जाते. मोजणी कधी थांबवायची हे निरोप पाठवण्याआधी ठरलेलं असलं पाहिजे. सकाळी निरोप गेला, दुपारी आकडे पाहिले, संध्याकाळी पुन्हा पाहिले, आणि ज्या क्षणी आवडतं शीर्षक पुढे गेलं त्या क्षणी "झालं, ठरलं" म्हटलं, तर वीसांतून एक ही हमी उरत नाही. वाढत्या आकड्यांत पाच वेळा डोकावून पहिल्याच कसोटी ओलांडणाऱ्या फरकाला थांबलं, तर खोट्या कौलाची शक्यता वीसांतून एकवरून जवळपास सातांतून एक इतकी वाढते. आम्ही आता तिसऱ्या दिवशी रात्री नऊ वाजता मोजतो. त्याआधी ज्यांच्याकडे ‘हो’ येतात ते फक्त दुवे पाठवतात, बेरीज सांगत नाहीत.

इथपर्यंत पटायला मला जड गेलं नाही. जड गेला पुढचा हिशोब. तो चाचणी घेण्याआधीचा आहे.

समजा ‘चांदबीबी’ खरोखरच चांगली आहे. साध्या शीर्षकाला शंभरातले २१ ‘हो’ म्हणतात आणि तिला २७. दीडशेच्या यादीत हा नऊ माणसांचा फरक झाला. तो टिपण्याची बऱ्यापैकी, म्हणजे पाचांतून चार वेळा खात्री हवी असेल, तर प्रत्येक यादीत साधारण आठशे माणसं लागतात. आमच्याकडे दीडशे. दीडशेच्या यादीत हा खरा असलेला फरक सतराची रेषा सात चाचण्यांतून साधारण एकदा ओलांडतो. उरलेल्या सहा वेळा हाती "काही कळलं नाही" एवढंच येतं. दीडशेच्या दोन याद्यांना भरवशाने दिसतो तो फक्त दांडगा फरक, म्हणजे शंभरात १७ विरुद्ध ३१, जवळजवळ दुप्पट.

असे दांडगे फरक नसतात असं नाही. अमेरिकेत हाल्डमन-ज्यूलियस या प्रकाशकाने फ्रेंच लेखक गोत्येच्या एका कथेचं ‘सोनेरी लोकर’ अशा अर्थाचं शीर्षक बदलून ‘सोनेरी केसांच्या प्रेयसीचा शोध’ अशा अर्थाचं केलं. १९२५ मध्ये सहा हजारांवर असलेला खप १९२६ मध्ये पन्नास हजारांवर गेला. दोन्ही शीर्षकं एकाच वेळी वाटून केलेली ती चाचणी नव्हती. वर्षं वेगळी होती आणि दोन वर्षांत बाकीचंही बरंच बदलतं. तरी एवढ्या उडीला वर्गमुळाची गरज पडत नाही. पण एकाच विषयाच्या दोन सभ्य, प्रामाणिक शीर्षकांत असा आठपट फरक क्वचितच असतो. आमचे वाद ‘नगरचा फराहबाग’ की ‘फराहबाग कुणासाठी बांधला?’ अशा शीर्षकांचे असतात.

आणि त्या सातांतल्या एका वेळी, जेव्हा लहान चाचणी "जिंकलं" म्हणते, तेव्हाही ती अतिशयोक्ती करते. याचं कारण साधं आहे. खरा फरक नऊ माणसांचा, पण सतराच्या आतला कोणताही निकाल आपण मानतच नाही. म्हणजे जो निकाल आपण मानू, तो खऱ्या फरकाच्या जवळजवळ दुप्पट किंवा त्याहूनही मोठा असणारच. नऊचा निकाल आला असता तर तो आपण योगायोग म्हणून सोडून दिला असता. त्यामुळे लहान यादीवर मोठ्या फरकाने जिंकलेलं शीर्षक पुढच्या वेळी तेवढं चाललं नाही, की लोक म्हणतात श्रोते कंटाळले. श्रोते बहुधा होते तिथेच असतात, पहिला आकडाच फुगलेला असतो.

या हिशोबाने माझ्या जुन्या मताचा पायाच काढला. एका व्याख्यानाच्या दोन शीर्षकांतलं चांगलं कोणतं, हा प्रश्न तीनशे माणसांना विचारण्याजोगाच नाही. तो प्रश्न त्यांच्या संख्येला पेलत नाही. पण याचा अर्थ लहान श्रोतृवर्गाने चाचण्या घेऊच नयेत, असा मी काढत नाही. प्रश्न बदलला की तीच तीनशे माणसं पुरतात. हे शीर्षक की ते, असं न विचारता या पद्धतीचं शीर्षक की त्या पद्धतीचं, असं विचारायचं. नाव घेऊन सरळ सांगणारी शीर्षकं एका बाजूला आणि प्रश्न विचारणारी दुसऱ्या बाजूला, अशा दोनच पद्धती ठरवायच्या आणि सलग दहा व्याख्यानांवर त्यांचीच तुलना करायची. काकांच्या भाषेत, तेच दोन वाण दहा हंगाम पेरायचे.

याद्या दर वेळी नव्याने करण्याची यातायात नको असेल, तर फेरपालट करावी. पहिल्या व्याख्यानाला ‘अ’ यादीला सरळ शीर्षक आणि ‘ब’ला प्रश्नाचं, दुसऱ्या व्याख्यानाला उलट. दहा व्याख्यानांत प्रत्येक यादीला दोन्ही पद्धती पाच-पाच वेळा मिळतात. ‘अ’ यादीत उत्साही माणसं जास्त पडली असतील, तर त्यांच्या उत्साहाचा फायदा दोन्ही पद्धतींना सारखाच होतो आणि वजाबाकीत निघून जातो. दिवाळीच्या आठवड्यातलं किंवा परीक्षेच्या दिवसांतलं व्याख्यान कमी चाललं, तरी ते दोन्ही याद्यांत सारखंच कमी चालतं.

शेवटी दोन हिशोब करायचे. पहिला बोटांवरचा. दहापैकी किती वेळा कोणती पद्धत पुढे राहिली? दोन्ही पद्धती सारख्याच असत्या, तर कुठलीतरी एक नऊ किंवा दहा वेळा पुढे राहण्याची शक्यता पन्नासांतून साधारण एकच आहे. आठ वेळा पुढे राहिली, तर मात्र थांबावं, कारण आठ किंवा जास्त वेळा पुढे राहणं निव्वळ योगायोगाने नवांतून एकदा घडतं. ऐकायला आठ आणि नऊ शेजारी-शेजारी वाटतात, पण पुराव्याच्या दृष्टीने त्यांच्यात बरंच अंतर आहे. दुसरा हिशोब बेरजेचा. दहाही व्याख्यानांचे ‘हो’ एकत्र करून तीच वर्गमुळाची कसोटी लावायची. मघाचा २१ आणि २७ चा फरक धरला, तर दहा व्याख्यानांत एकीकडे ३१५ आणि दुसरीकडे ४०५ च्या आसपास ‘हो’ जमतील. बेरीज ७२०, वर्गमूळ सत्तावीसच्या जवळ, दुप्पट चोपन्न. आणि फरक नव्वदचा. एका चाचणीत सातांतून एकदा दिसणारा तोच फरक दहांच्या बेरजेत दहांतून नऊ वेळा दिसतो. माणसं तीनशेच राहिली. फक्त प्रश्न एकच ठेवला आणि धीर धरला.

मोजायचं काय, याबद्दलही माझं मत बदललं. यूट्यूबने २०२४ मध्ये मुखचित्रांची आणि २०२५ मध्ये शीर्षकांची अशीच तुलना करण्याची सोय सर्वसामान्य चॅनेलना देण्यास सुरुवात केली. तिथला कौल किती जणांनी दाबलं यावर ठरत नाही, लोक किती वेळ पाहत राहिले यावर ठरतो. आणि पुरेसा पुरावा नसेल, तर ती सोय निकाल अनिर्णित असल्याचं सांगते. लहान चॅनेलवाल्यांना हे उत्तर अपमानाचं वाटतं. मला ते त्यातलं सर्वांत प्रामाणिक उत्तर वाटतं. आम्हीही आता ‘हो’च्या जोडीला दुसरी नोंद ठेवतो. व्याख्यानाच्या शेवटी एक साधा प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर पाठवणारे किती, ते मोजतो. एखाद्या शीर्षकाला ‘हो’ जास्त आणि शेवटपर्यंत ऐकणारे कमी असतील, तर त्याने दिलेलं वचन व्याख्यानाने पाळलेलं नाही, असाच त्याचा अर्थ. मात्र शेवटपर्यंत पोचणारे ‘हो’वाल्यांपेक्षा थोडेच असतात, म्हणून ही नोंद दहा व्याख्यानांच्या बेरजेतच वाचायची.

आता उरतो तो सलाबतखान. त्याच्या व्याख्यानाचं शीर्षक ठरवताना मी आता कौल मागत नाही. एका व्याख्यानावर आमच्या यादीला फार मोठा फरकच दिसू शकतो, हे एकदा मान्य केलं की त्याची दुसरी बाजूही मान्य करावी लागते. जो फरक आमच्या श्रोत्यांत दिसतच नाही, तो असला तरी मोजक्या माणसांचा आहे. त्या आठ-नऊ माणसांसाठी कबरीला महाल म्हणायचं का, हा प्रश्न आकड्यांच्या हातून सुटून आमच्या हातात येतो, आणि तिथे माझं उत्तर स्पष्ट आहे. शीर्षकात सलाबतखानाचं नाव राहील. ज्यांना चांदबीबी महाल ठाऊक आहे, त्यांच्यासाठी ती ओळख निरोपाच्या दुसऱ्या ओळीत राहील. दहा व्याख्यानांच्या बेरजेत ओळखीची नावं घेणारी पद्धत ठळक पुढे निघाली, तर मी ती स्वीकारीन, पण ज्या व्याख्यानांत ओळखीचं नाव खरंही आहे तेवढ्यांपुरतीच.